आई देवापुढे बसली की फोन वाजतो: पडल्याची खोटी सूचना कुठून येत होती

माझी आई सांगलीत एकटी राहते. वय ७८, तब्येत ठणठणीत, गुडघे तेवढे कुरकुरतात. मी पुण्यात. तिच्या हॉलमध्ये मी पडल्याची सूचना देणारा रडार सेन्सर बसवला, आणि पहिल्या नऊ दिवसांत माझ्या फोनवर अकरा वेळा ‘पडल्याची शक्यता’ अशी सूचना आली. त्या नऊ दिवसांत आई एकदाही पडली नव्हती. पाचव्या सूचनेनंतर शेजारच्या वहिनी दार वाजवायला जायच्या आधी मला फोन करून विचारायला लागल्या, “दादा, खरंच जाऊ का?” हा प्रश्न आला की यंत्रणा मेली असं समजावं. ज्या दिवशी आई खरोखर पडेल त्या दिवशीसुद्धा वहिनी हेच विचारणार.

ज्यांच्या घरी हाच त्रास वारंवार होतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्याकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या IWR6843 या ६० गिगाहर्ट्झच्या चिपचा बोर्ड आहे आणि त्याला जोडलेला एक छोटा संगणक. सगळं गणित घरातच होतं, बाहेर जातो तो फक्त एक संदेश. तुमच्याकडे तयार डबा असेल तर आतली सेटिंगची फाइल दिसणार नाही, पण कारणं तीच असतात.

कॅमेरा का नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण कॅमेऱ्यापासूनच सुरुवात केली होती. अंगावरचे सांधे ओळखून काडीचा माणूस उभा करणारा प्रोग्रॅम त्या छोट्या संगणकावर आरामात चालत होता. चित्र कुठे साठत नव्हतं, कुठे जात नव्हतं. मी आईला पडद्यावरची काडीची आकृती दाखवली आणि म्हटलं, “बघ, तुझा चेहरासुद्धा नाही यात.” ती म्हणाली, “तुला दिसत नाही हे तू सांगतोस. तो डोळा तर माझ्याकडेच बघतोय ना?” दोन दिवसांनी कॅमेऱ्यावर नॅपकिन होता. मी वाद घातला नाही. तिचं घर आहे, दुपारी दार लावून ती हॉलमध्येच साडी बदलते.

एक मात्र कबूल करायला हवं. बसणं आणि आडवं होणं यांतला फरक कॅमेरा रडारपेक्षा चांगला ओळखतो, निदान उजेडात. रात्री पांघरूण अंगावर असलं किंवा नऊवारीत पाय दिसत नसले की तोही गोंधळतो. म्हणजे रडार निवडलं तेव्हा आईच्या संकोचाची किंमत मी अचूकपणातून चुकवली, आणि पुढचे तीन आठवडे ती भरून काढण्यात गेले.

रडार काय बघतं ते थोडक्यात. ते लहरी सोडतं आणि हलणाऱ्या वस्तूंवरून परत आलेल्या लहरींमधून ठिपक्यांचा एक पुंजका तयार करतं. प्रत्येक ठिपक्याला अंतर, कोन आणि वेग असतो. अंतर ते फार बारीक मोजतं, चार-पाच सेंटिमीटरपर्यंत. कोन, आणि त्यातही वर-खालचा कोन, मात्र ठोकळ मोजतं, कारण चिपवरचे अँटेना मोजकेच असतात. पडणं ओळखायला लागते उंची, आणि ती या ठोकळ कोनातूनच काढली जाते. आमचं घोडं इथेच पेंड खात होतं, पण ते कळायला वेळ लागला.

पहिली चूक सगळे करतात ती मीही केली. सूचना जास्त येतात म्हणून संवेदनशीलता कमी केली. खोट्या सूचना खरंच घटल्या. मग शनिवारी सांगलीला गेलो, हॉलमध्ये जाड गादी घातली आणि वेगवेगळ्या जागी बारा वेळा स्वतः पडून बघितलं. सेन्सरने पाचच वेळा ओळखलं. आई सोफ्यावर बसून मोजत होती. “अजून किती वेळा पडणार आहेस? कंबर मोडेल,” म्हणाली. संवेदनशीलतेचं बटण खोट्या सूचना आणि खऱ्या सूचना दोन्ही एकाच कात्रीने कापतं. कोणती कृती फसवतेय हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

डब्यावर छापलेल्या टक्केवारीवरही विसंबू नये. साधा हिशोब करून बघा. आई दिवसातून साधारण बारा वेळा खाली बसते किंवा वाकते: पूजा, भाजी निवडणं, पेपर, दुपारी सतरंजीवर पाय पसरणं. प्रत्येक वेळी सेन्सर १०० पैकी ९८ वेळा बरोबर ठरला असं धरा. तरी दर चार दिवसांना एक खोटी सूचना, म्हणजे वर्षाला जवळजवळ ८८. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पासष्टीच्या पुढची साधारण तिसरा हिस्सा माणसं वर्षातून एकदा तरी पडतात. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला खरी सूचना कदाचित दोन-तीन वर्षांत एक, आणि तेवढ्यात खोट्या दोनशेच्या वर. शिवाय बहुतेक चाचण्यांमध्ये तरुण माणसं गादीवर मुद्दाम पडलेली असतात, अगदी मी पडलो तशीच. खुर्ची, टेबल, पलंग असलेल्या घरात जमिनीच्या जवळ जाणं हीच धोक्याची खूण धरता येते. आपल्याकडे निम्मा दिवस जमिनीवरच जातो.

मग नेमकी कोणती कृती फसवतेय? इथे आईनेच मार्ग काढला. सेन्सर बसवल्यापासूनचे पहिले नऊ दिवस मला सगळे ठिपके साठवून ठेवायचे होते. तिने परवानगी दिली, पण अट घातली की नऊ दिवसांनी पुसायचे. आणि स्वतःहून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायला लागली: ‘७.१० पूजा’, ‘११ भाजी’, ‘४ भजन, घरी नाही’. मी सूचनांच्या वेळा त्या नोंदींशेजारी मांडल्या आणि चित्र स्वच्छ झालं. अकरापैकी सात सूचना सकाळी सात ते साडेसातच्या मधल्या, पूजेच्या. तीन दुपारच्या, आई घरात नसतानाच्या. एक रात्रीची.

सात सूचनांनी मला चक्रावून टाकलं. आई अकरा वाजता भाजी निवडायलाही जमिनीवरच बसते, त्याच पाटावर, तशीच मांडी घालून. तेव्हा एकदाही सूचना नाही. तीच बाई, तोच पाट, तीच बैठक, आणि फरक फक्त जागेचा: भाजी निवडते ती सेन्सरपासून दीड मीटरवर दारापाशी, देवघर समोरच्या कोपऱ्यात चार मीटरवर. तुमच्याकडेही एकाच प्रकारची कृती एका जागी चालत असेल आणि दुसऱ्या जागी सूचना देत असेल, तर माणसाकडे बघू नका, सेन्सरच्या बसवणुकीकडे बघा.

मी भिंतीपासून एक, दोन, तीन आणि चार मीटरवर खडूने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर अर्धा मिनिट उभा राहिलो, किंचित डुलत, कारण अगदी स्तब्ध माणूस रडारला नीट दिसत नाही. माझी उंची १.७० मीटर. पुंजक्याच्या वरच्या टोकाची उंची सेन्सरने दाखवली ती साधारण अशी: एक मीटरवर १.६, दोनवर १.५, तीनवर १.४५, चारवर १.३५. म्हणजे दूर जाईन तसा मी बुटका होत होतो. चूक अंतराच्या प्रमाणात वाढते, तेव्हा ती कोनाची चूक असते. सगळीकडे सारखीच असती तर सेन्सर बसवलेली उंची फाइलमध्ये चुकीची लिहिली असं समजलो असतो.

सेन्सर दोन मीटर उंचीवर, किंचित खाली झुकवून लावायचा असतो. नमुन्याच्या फाइलमध्ये झुकाव १५ अंश होता आणि मी तोच राहू दिला. लाकडाची पाचर मात्र अंदाजाने कापली होती. मोबाईलवरचं कोन मोजण्याचं ॲप सेन्सरच्या पाठीला टेकवलं, तर १० अंश. पाच अंशांची चूक ऐकायला काहीच नाही. पण चार मीटर अंतरावर ती उंचीत ३५ सेंटिमीटर होते, आणि दीड मीटरवर फक्त १३.

आता आईचा हिशोब. पाटावर बसल्यावर तिचं डोकं जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर येतं. भाजीच्या जागी ते ६७ दिसत होतं. देवघरापाशी ४५. मी ‘आडवं पडलं’ समजायची मर्यादा ठेवली होती ५० सेंटिमीटर. सात सूचनांचं कारण एवढंच. देवाचा दोष नव्हता, सुताराचा होता, आणि सुतार मीच.

दुरुस्ती फाइलमधल्या दोन ओळींची. पहिलीत सेन्सरची उंची, आडवा झुकाव आणि खालचा झुकाव. दुसरीत खोलीचा ठोकळा मीटरमध्ये: डावी-उजवी हद्द, जवळची-लांबची हद्द, जमीन आणि छताकडची हद्द.

```
sensorPosition 2 0 10
boundaryBox -2.2 2.2 0.3 4.6 0 2.0
```

झुकाव सुधारल्यावर चारही खुणांवर मी पुन्हा १.७० च्या आसपास आलो. दूरच्या खुणेवर दहा सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच, ते कोन ठोकळ असल्यामुळे, आणि ते तसंच राहणार. म्हणून पडल्याची मर्यादा आणि बसल्याची उंची यांच्यात निदान वीस-पंचवीस सेंटिमीटरची मोकळी जागा ठेवा. आपल्या माणसाला जमिनीवर बसवून डोक्याची उंची टेपने मोजा. नेटवरचा आकडा घेऊ नका, आपल्याकडच्या बायकांची उंची त्यात धरलेली नसते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. अगदी सुरुवातीला मी पुंजक्याच्या मध्याची उंची बघणार होतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचा मध्य ३५-४० सेंटिमीटरवर असतो आणि आडव्या माणसाचा २० वर. एवढ्या फरकात काही ठरवणं अवघड. वरचं टोक घेतलं तर बसलेला ८०, आडवा २५-३०. एकदम दोन वेगळे गट पडतात. फक्त सगळ्यांत वरचा एकच ठिपका घेऊ नका, तो कधीकधी भलताच असतो. वरचे दहा टक्के ठिपके सोडून द्यायचे आणि त्याखालचा धरायचा.

दुपारच्या तीन सूचना वेगळ्याच होत्या. आई भजनाला गेलेली, घराला कुलूप, आणि घरात कोणीतरी पडलेलं. ठिपके मागे जाऊन बघितले तर हॉलच्या मधोमध एक ‘माणूस’ उभा होता, जो कोणत्याही दारातून आत आलेला नव्हता. पावसाळ्याचे दिवस, आई कपडे हॉलमधल्या दांडीवर वाळत घालते आणि ते लवकर वाळावेत म्हणून पंखा चालू ठेवून जाते. पंख्याच्या वाऱ्याने साडी हलते, रडारला तो माणूस वाटतो. पंख्याची पातीही त्यात भर घालतात. पात्यांची टोकं सेकंदाला वीस मीटरच्या आसपास फिरतात, आणि रडारला एका मर्यादेपलीकडचा वेग मोजता येत नाही. त्यापुढचा वेग घड्याळाच्या काट्यासारखा फिरून परत लहान दिसतो, म्हणजे पातं चालणाऱ्या माणसाच्या वेगाने हलतंय असं वाटतं. वीज गेली की पंखा मंदावतो, साडी लोंबकळत शांत होते, ठिपके विरळ होत खाली सरकतात, आणि आमचा सेन्सर म्हणतो, पडला. तीनपैकी दोन सूचना वीज गेली त्याच मिनिटाच्या होत्या. सेन्सर आणि राऊटर इन्व्हर्टरवर, पंखा नाही.

इथे दोन उपाय केले. छताकडची हद्द नमुन्यातल्या तीन मीटरवरून दोनवर आणली, ती वरच्या फाइलमध्ये दिसतेच, त्यामुळे पंखा ठोकळ्याबाहेर गेला. आणि प्रोग्रॅममध्ये एक नियम घातला: जो पुंजका आतल्या किंवा बाहेरच्या दारापाशी सुरू होऊन किमान दोन मीटर चालला नाही, तो माणूस नाही. साडी दारातून चालत येत नाही. या एका नियमाने दुपारच्या सूचना पूर्ण थांबल्या.

पण त्याला उलटी बाजू आहे. सेन्सर कधी बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि त्या क्षणी आई सोफ्यावर बसलेली असली, तर ती ‘दारातून न आलेली’ ठरते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. म्हणून सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं हा नियम लागू होत नाही.

लोखंडी कपाटाचं एक राहिलंच. मोठ्या धातूच्या पृष्ठभागावरून लहर परावर्तित होऊन माणसाची प्रतिमा कपाटाच्या ‘आत’ दिसते, आरशासारखी. आमचं कपाट बाजूच्या भिंतीला आहे, म्हणून डावी-उजवी हद्द भिंतीच्या अलीकडे ओढली की काम झालं. सेन्सरच्या समोरच कपाट असेल तर सेन्सरची जागाच बदला.

रात्रीची ती एक सूचना खरं तर सूचना नव्हती, इशारा होता. आई हॉलमधल्या दिवाणावर झोपते. अगदी गाढ झोपलेला माणूस रडारला हळूहळू दिसेनासा होतो, कारण स्थिर वस्तू, म्हणजे भिंती, सोफा, कपाट, चित्रातून काढून टाकण्याचं काम रडार आधीच करतं आणि न हलणारा माणूसही त्यांतच जमा होतो. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, ती कधी पकडली जाते, कधी नाही. माझा प्रोग्रॅम पुंजका नाहीसा झाला की ‘खोलीबाहेर गेली’ असं समजायचा. त्या रात्री पुंजका गेला, आला, परत गेला, आणि या गोंधळात उंची चुकली. खोटी सूचना आली हे बरंच झालं. कारण हाच दोष खऱ्या पडण्याला लागू केला तर? आई पडून बेशुद्ध झाली, हालचाल थांबली, पुंजका नाहीसा झाला, आणि प्रोग्रॅमने ‘बाहेर गेली’ म्हणून फाइल बंद केली. खोट्या सूचनांमागे धावताना हा दोष दिसतच नाही, कारण तो आवाज करत नाही.

आता नियम असा आहे: पुंजका दारापाशी नाहीसा झाला तरच माणूस बाहेर गेला. खोलीच्या मध्ये, खालच्या उंचीवर नाहीसा झाला, तर तो तिथेच आहे असं धरून घड्याळ चालू ठेवायचं. दिवाणाचा चौकोन यातून वगळला आहे.

निर्णयाचा गाभा एवढासा आहे, `top` म्हणजे पुंजक्याच्या वरच्या टोकाची उंची मीटरमध्ये:

```python
if top < 0.5 and not in_bed(x, y):
    low_since = low_since or now
elif top > 0.65:
    low_since = None
if low_since and now - low_since > 90:
    ask()
```

यात पडण्याचा वेग कुठेच नाही, हे लक्षात येईल. आधी होता. पण आई बसताना शेवटचा हातभर गुडघ्यांच्या भरवशावर न राहता थप्पकन बसते, तो वेग पडण्यासारखाच. आणि म्हातारी माणसं पुष्कळदा धाडकन पडत नाहीत, भिंतीला धरत सावकाश घसरतात. दोन्हीकडून वेग फसवतो. म्हणून ‘कसं खाली गेली’ हे सोडून ‘खाली गेल्यावर उठली का’ एवढंच बघायचं ठरवलं. दोन मर्यादा वेगळ्या ठेवल्यात, खाली गेल्याची ५० आणि उठल्याची ६५, नाहीतर उंची ५० च्या आसपास डुलत राहिली की घड्याळ सारखं शून्यावर येतं. आणि पुंजका खाली नाहीसा झाला असेल तर `top` ची शेवटची किंमत तशीच धरून ठेवायची, हे विसरू नका.

नव्वद सेकंद का? झुकाव सुधारल्यावरही पूजेच्या वेळी एक प्रसंग उरला होता: आई शेवटी जमिनीला डोकं टेकवून नमस्कार करते. तेव्हा डोकं खरोखरच ५० च्या खाली जातं. सर्वांत लांब नमस्कार मोजला तो २५ सेकंदांचा, एकादशीचा. तीस सेकंद ठेवणं फार काठावर होतं. दुसऱ्या बाजूला, पडलेल्या माणसाला खरा धोका तासन्‌तास जमिनीवर तसंच पडून राहण्याचा असतो. स्नायू दबून खराब होतात, अंगावर जखमा होतात, शरीरातलं पाणी कमी होतं. तासाभराच्या वर गेलं की हे वाढत जातं. त्या हिशोबात दीड मिनिट उशीर चालतो. हृदय बंद पडलं तर चालत नाही, पण या सेन्सरचं ते कामच नाही, आणि ते त्याच्यावर लादायला गेलो तर परत दिवसाला एक सूचना.

आणि नव्वद सेकंदांनंतरही बाहेर काही जात नाही. `ask()` म्हणजे हॉलमधला छोटा स्पीकर माझ्या मुलीच्या आवाजात विचारतो, “आजी, बरी आहेस ना?” आई उठून बसली की उंची वाढते आणि सगळं आपोआप रद्द होतं, तिला काही दाबावं लागत नाही. दिवाणाच्या पायाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक बटणही आहे. पंचेचाळीस सेकंदांत दोन्हींपैकी काही झालं नाही, तर पहिला फोन वहिनींना, कारण त्यांच्याकडे किल्ली आहे. त्यांनी उचलला नाही तर मला. मी पुण्याहून चार-पाच तास लांब, माझ्या हातात १०८ ला फोन करण्यापलीकडे काही नाही, म्हणून मी यादीत दुसरा. अनेक जण पहिला नंबर परदेशातल्या मुलाचा ठेवतात. तो काय करणार?

विचारण्याचा हा टप्पा आईच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा ठरला, आणि तो अचूकपणासाठी नव्हे. आधी तिच्याविषयीची गोष्ट तिला कळायच्या आत शेजारी कळत होती. आता पहिलं तिला कळतं.

संकोचाचा प्रश्न कॅमेरा काढल्याने मिटला असं मीही समजलो होतो. मिटला नव्हता. माझ्या भावाला मी ठिपक्यांचा आलेख दाखवला, तो बेंगळुरूला असतो. दुसऱ्या दिवशी त्याने आईला फोन केला, “रात्री चार वेळा का उठलीस? लघवीचं काही आहे का?” प्रेमानेच विचारलं. आईने मला फोन केला, आवाज एकदम थंड: “चित्र नाही म्हणालास. हे काय मग?” तिचं बरोबर होतं. किती वाजता झोपली, किती वेळा बाथरूमला गेली, कोण आलं, किती वेळ बसलं, हे सगळं चेहरा नसलेल्या ठिपक्यांतून कळतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती कारणासाठी माणसाने स्वतः वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणजे कायद्याने मला कोणी अडवत नाही. आईने अडवलं.

त्यानंतर व्यवस्था बदलली. ठिपके फक्त शेवटच्या दोन मिनिटांचे, तेही मेमरीत, डिस्कवर नाहीत. सूचना बाहेर गेली तरच ती दोन मिनिटं लिहिली जातात आणि सात दिवसांनी पुसली जातात. आलेख नाही, साप्ताहिक अहवाल नाही, भावाला पासवर्ड नाही. दाराजवळ एक खटका आहे, तो दाबला की सेन्सर दोन तास झोपतो आणि आपणहून जागा होतो. मला ‘बंद’ एवढाच संदेश येतो, कारण नाही. याची किंमत अशी की उद्या नव्या प्रकारची खोटी सूचना आली तर मागचं काही बघायला मिळणार नाही, परत आईला विचारून नऊ दिवसांची नोंद सुरू करावी लागेल, कॅलेंडर आणि पेन्सिलीसकट. मला ते मान्य आहे.

बाथरूममध्ये उंचीचा नाद सोडा. फरशीवरून परावर्तन, बादलीतून ओतलेलं पाणी, लहान जागा, आणि आई स्टुलावर बसून आंघोळ करते. तिथे सेन्सरच नाही. दाराबाहेर एक साधा हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. आत गेल्यावर २५ मिनिटांत बाहेर आली नाही तर स्पीकर दाराबाहेरून विचारतो. शनिवारी न्हायचं असतं म्हणून ४०.

मग परत गादीवर पडलो, बारा वेळा, त्याच जागी. दहा वेळा ओळखलं. चुकलेले दोन्ही एकाच प्रकारचे: भिंतीला पाठ घासत खाली घसरून बसलेलो, आडवा न होता. वरचं टोक ८० वर राहतं आणि ते पूजेला बसण्यासारखंच दिसतं. यावर नेमका उपाय उंचीत नाही. सध्या एवढंच केलंय की देवघर, भाजीची जागा आणि सतरंजीचा चौकोन सोडून आई जमिनीलगत कुठेही वीस मिनिटांपेक्षा जास्त बसली तर स्पीकर विचारतो. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ती पलंगाखालचे डबे काढत बसलेली असते आणि स्पीकरला “अगं हो, बरी आहे” म्हणून उत्तर देते. स्पीकरला ते ऐकू येत नाही. ती उठून उभी राहते, मग तो गप्प बसतो.

खोटी सूचना बाहेर गेल्याला आता दोन महिने झाले. खडूच्या खुणा मी पुसल्या नाहीत. दर खेपेला गेलो की चारही जागी उभा राहून उंची बघतो, कारण पाचर लाकडाची आहे आणि हवा पावसाळी. गौरी-गणपतीत मात्र सेन्सर सरळ काढून कपाटात ठेवला. हॉलमध्ये आठ जण गाद्या घालून झोपले होते. आई म्हणाली, “आता कोणाला विचारेल तो?”